ऑपरेशन चालू असताना होणारी ‘फ्रोझन सेक्शन’ तपासणी: ती कशी करतात, तिच्यात दोष का येतात आणि नंतरचा रिपोर्ट वेगळा का येऊ शकतो

तुमच्या घरातल्या कुणाच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन ठरले असेल, तर संमतीपत्रावर सही घेताना डॉक्टर बहुधा असे काहीतरी म्हणाले असतील: “ऑपरेशन चालू असतानाच काखेतल्या ग्रंथी फ्रोझनला पाठवू. रिपोर्ट बघून काख पूर्ण साफ करायची की नाही ते ठरवू.” त्या गडबडीत ‘फ्रोझन’ म्हणजे काय, हे विचारायचे राहून जाते. मग ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांना निरोप मिळतो, “फ्रोझन निगेटिव्ह आहे.” सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आठवड्याने कागदावरचा रिपोर्ट हातात येतो आणि त्यात एका ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सापडल्याचे लिहिलेले असते. “तेव्हा निगेटिव्ह सांगितले होते ना? मग चूक कुणाची?” हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकायला मिळतो.

या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. फ्रोझन सेक्शन अनेक ऑपरेशनांत वापरतात, पण इथे आपण काखेतल्या ग्रंथींचे एकच उदाहरण शेवटपर्यंत पाहू. त्यावरून बाकीचेही समजेल.

फ्रोझन सेक्शन म्हणजे काय?

शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असेल, तर आधी त्याचा अतिशय पातळ काप काढावा लागतो. हा काप साधारण ५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरचे २०० भाग केले तर त्यातला एक. ताजा तुकडा मऊ असतो आणि पातीखाली दबतो. पिकलेल्या केळ्याचे कागदासारखे पातळ काप निघत नाहीत, तसेच हे. म्हणून तुकडा आधी कडक करावा लागतो.

कडक करण्याचे दोन मार्ग आहेत. नेहमीच्या बायोप्सीत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग त्यातले पाणी हळूहळू काढून त्या जागी पॅराफिन मेण भरतात. मेणाच्या वडीत बसलेला तुकडा सुरेख कापला जातो, पेशी स्वच्छ दिसतात. पण या कामाला किमान एक दिवस लागतो, आणि पूर्ण रिपोर्ट यायला बऱ्याचदा आठवडा जातो. दुसरा मार्ग म्हणजे तुकडा गोठवणे. त्यात तुकड्यातल्या पाण्याचाच बर्फ होतो आणि तो बर्फच मेणाचे काम करतो. याला काही मिनिटे पुरतात. रुग्ण भुलेखाली टेबलावर असताना उत्तर हवे असेल, तर हा दुसरा मार्गच वापरावा लागतो.

ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे पॅथॉलॉजिस्ट लुई विल्सन यांनी १९०५ साली गोठवलेला तुकडा कापून, लगेच रंगवून, ऑपरेशन चालू असतानाच उत्तर देण्याची रीत प्रसिद्ध केली. आज हे काम क्रायोस्टॅट नावाच्या यंत्रात होते. क्रायोस्टॅट म्हणजे शून्याखाली साधारण २० अंश सेल्सियसला ठेवलेली शीतपेटी आणि तिच्या आत बसवलेले पातळ काप काढणारे धारदार पाते.

काखेतल्या ग्रंथींचा प्रश्न नेमका काय असतो?

स्तनाचा कर्करोग शरीरात पुढे सरकतो तेव्हा बहुतेक वेळा आधी त्याच बाजूच्या काखेतल्या लसिका ग्रंथींत पोचतो. पूर्वी म्हणून काखेतल्या बहुतेक ग्रंथी सरसकट काढत. पण त्या काढल्या की हाताला कायमची सूज येण्याचा धोका राहतो. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, खांदा आखडतो. शेतात खुरपणी, कापूस वेचणी किंवा घरी पाणी भरण्याचे काम करणाऱ्या बाईसाठी हा त्रास किरकोळ नाही.

त्यामुळे काखेत ग्रंथी हाताला लागत नसतील, तर आता आधी फक्त सर्वांत पुढच्या एक ते तीन ग्रंथी काढून बघतात. त्यांना सेंटिनल नोड, म्हणजे पहारेकरी ग्रंथी म्हणतात. त्या ओळखण्यासाठी स्तनात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचतात. निळा रंग टोचला असेल तर दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी दिसते, त्याला घाबरू नका. किरणोत्सारी द्रव्य आणि ते मोजणारे यंत्र प्रत्येक रुग्णालयात नसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी यासाठी एक साधी पद्धत अभ्यासून दाखवली आहे. तिच्यात काखेच्या खालच्या भागातली, एका ठरावीक नसेच्या खाली असलेली चरबी आणि तिच्यातल्या ग्रंथी एकत्र काढतात.

पद्धत कोणतीही असो, पुढचा प्रश्न एकच असतो: या ग्रंथींत कर्करोग आहे का? असेल तर त्याच भुलेत काख साफ करायची का? नसेल तर जखम बंद करायची. फ्रोझनला विचारलेला प्रश्न एवढाच असतो. कर्करोग कोणत्या प्रकारचा आहे, हार्मोनची औषधे लागू पडतील का, हे त्याला विचारलेलेच नसते.

थिएटरबाहेर तुम्ही बसलेले असता तेव्हा आत काय चाललेले असते?

एक उदाहरण घेऊ. रुग्ण कल्पित आहे, पण घडते ते असेच. अंबड तालुक्यातल्या एका ४८ वर्षांच्या बाईंच्या उजव्या स्तनात २ सेंटीमीटरची गाठ आहे. बायोप्सीत कर्करोग ठरला आहे. तपासताना काखेत काही लागत नाही. स्तन वाचवून फक्त गाठ काढायची आणि काखेतल्या पहारेकरी ग्रंथी तपासायच्या, असे ठरले आहे.

१०.३५ वाजता तीन ग्रंथी काढून छोट्या डब्यात पॅथॉलॉजी विभागात पाठवल्या जातात. डब्यात फॉर्मॅलिन नसते, कारण फॉर्मॅलिनमध्ये गेलेला तुकडा गोठवून नीट कापता येत नाही आणि त्याचे काप काचेवर धरत नाहीत. डब्यात सलाईन भरूनही चालत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

पॅथॉलॉजिस्ट ग्रंथी मोजतात: १४, ९ आणि ६ मिलिमीटर. भोवतीची चरबी कापून बाजूला करतात. मग प्रत्येक ग्रंथीचे २-२ मिलिमीटरचे काप करून नुसत्या डोळ्यांनी पाहतात. पांढरा, कडक ठिपका दिसतो का, हे बघायचे असते. इथे तो दिसत नाही. त्यानंतर कापलेली बाजू काचेवर अलगद टेकवून तिचा ठसा घेतात. या ठशात बर्फाचा संबंध नसतो, म्हणून पुढे शंका आली तर तो साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो.

आता गोठवण्याचे काम. धातूच्या छोट्या चकतीवर ओसीटी नावाचे डिंकासारखे घट्ट द्रव्य घालतात, त्यात ग्रंथीचा काप ठेवतात आणि वरून थंडगार धातूचा ठोकळा दाबतात. मिनिटभरात सगळे दगडासारखे पांढरे होते. चकती पात्यासमोर बसवून चाक फिरवले की एकेक पातळ काप सुटतो. तो काचेवर चिकटवून त्याच क्षणी अल्कोहोलमध्ये बुडवतात, मग रंगवतात. तंत्रज्ञाचा हात सरावलेला असेल तर एका तुकड्याचे उत्तर साधारण २० मिनिटांत मिळते. तुकडे जास्त असले की वेळ वाढतो. म्हणून तासभर निरोप आला नाही याचा अर्थ काहीतरी वाईट सापडले, असा नसतो.

आर्टिफॅक्ट म्हणजे काय आणि तो का येतो?

तपासणीच्या वाटेवर तुकड्यात जो बदल होतो, पण जो शरीरात मुळात नव्हता, त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. त्याला आपण ‘बनावट खूण’ म्हणू. ती रोगाची खूण नसते, पण रोगासारखी दिसू शकते किंवा खरा रोग झाकू शकते. फ्रोझनमध्ये अशा खुणा येण्याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण: बर्फ

हे घरी करून बघता येते. जालन्याच्या मोसंबीची एक फोड फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेर काढून वितळू द्या. फोड लिबलिबीत होते, रस आपोआप गळतो. पाण्याचा बर्फ होताना ते फुगते आणि त्याचे टोकदार स्फटिक बनतात. या स्फटिकांनी फोडीतल्या रसाच्या पिशव्या आतून फाडलेल्या असतात.

ग्रंथीच्या बाबतीतही हेच होते. गोठणे जितके सावकाश, तितके स्फटिक मोठे. घरच्या फ्रीजरमध्ये सावकाश जमवलेल्या कुल्फीत बर्फाचे खडे लागतात, ते यामुळेच. झटकन गोठवले तर स्फटिक इतके बारीक राहतात की पेशींना फारशी इजा होत नाही. म्हणून चकती आणि ठोकळा आधीच थंड करून ठेवतात. काही ठिकाणी द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या द्रवात तुकडा बुडवतात, तर काही ठिकाणी गोठवणारा फवारा मारतात.

काप काचेवर आला की बर्फ वितळून जातो आणि स्फटिकाच्या जागी पांढरी पोकळी उरते. सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग जाळीदार, भोके पडल्यासारखा दिसतो. भोकांच्या मधे ढकलल्या गेलेल्या पेशी दाटीने एकत्र येतात आणि गडद दिसतात. साध्या लसिका पेशींचा असा दाटलेला पुंजका पाहून ‘हा कर्करोगाचा पुंजका तर नाही?’ अशी शंका येऊ शकते.

तुकडा सलाईनमध्ये बुडवून पाठवायचा नाही, तो यासाठीच. तुकडा पाणी शोषून घेतो. पाणी जास्त, तेवढा बर्फ जास्त. मेंदूसारख्या मुळातच पाणीदार भागात ही अडचण आणखी मोठी असते.

दुसरे कारण: चरबी

पाणी शून्य अंशाला गोठते, पण चरबीचे तसे नाही. ज्या तापमानाला ग्रंथीचा काप छान निघतो, म्हणजे शून्याखाली १६ ते २० अंशांच्या आसपास, त्या तापमानाला भोवतीची चरबी मऊच असते. पाते फिरले की ग्रंथी कापली जाते आणि चरबी ओढली जाते. काप फाटतो, घडी पडते किंवा तो भाग काचेवर येतच नाही. तापमान शून्याखाली ३० अंशांपर्यंत नेले तर चरबी कडक होते, पण मग ग्रंथी इतकी ठिसूळ बनते की कापाला तडे जातात, भुगा होतो. दोन्हींना एकाच वेळी मानवेल असे तापमान मिळत नाही.

काखेत तर चरबीच चरबी. वय वाढते तसा काही ग्रंथींच्या आतही चरबीचा भाग वाढत जातो आणि खरी ग्रंथी कडेच्या पातळ पट्टीपुरती उरते. कर्करोगाच्या पेशी ग्रंथीत शिरतात त्या बहुधा याच कडेने. म्हणजे जो भाग बघायलाच हवा, तोच चरबीला लागून असतो आणि फाटण्याचा धोका त्यालाच जास्त.

तिसरे कारण: माणसाचा हात आणि यंत्र

चिमट्याने ग्रंथी जोरात दाबली गेली तर पेशी चिरडून लांबट, गडद होतात. रक्त थांबवण्यासाठी वापरलेल्या विजेच्या उपकरणाचा चटका तुकड्याच्या कडेला लागला तर तिथल्या पेशी भाजून ओळखू येईनाशा होतात. पात्याच्या धारेला बारीक खाच असेल तर कापावर सरळ रेघ उमटते. पाते किंवा चकती सैल असेल तर कापावर एक जाड, एक पातळ असे पट्टे पडतात. काप अल्कोहोलमध्ये घालायला काही सेकंद उशीर झाला तर तो हवेत सुकतो आणि पेशींची केंद्रके फुगून धूसर दिसतात.

आपल्याकडच्या हवामानाचाही यात वाटा आहे. क्रायोस्टॅटचे झाकण उघडले की बाहेरची हवा आत जाते. पावसाळ्यातल्या दमट हवेने आत हिम साचते, मे महिन्यातल्या उन्हाने पेटीचे तापमान वर सरकते. तापमान वर गेले की काप सुटा न निघता पात्याशी गोळा होतो. म्हणून हे यंत्र वातानुकूलित खोलीत, अखंड विजेवर चालू ठेवावे लागते आणि ऑपरेशनच्या कितीतरी आधी थंड करून तयार ठेवावे लागते.

बनावट खूण ओळखतात कशी?

पुन्हा आपल्या उदाहरणाकडे येऊ. ११ वाजून गेले आहेत. पहिल्या, १४ मिलिमीटरच्या ग्रंथीचे काप स्वच्छ आहेत आणि त्यांत कर्करोग नाही.

दुसऱ्या ग्रंथीच्या एका कोपऱ्यात गडद पेशींचा पुंजका दिसतो. पॅथॉलॉजिस्ट थांबतात आणि तीन गोष्टी बघतात. पहिली, पुंजक्याभोवती पांढरी भोके आहेत का? आहेत, आणि ती फक्त त्याच कोपऱ्यात आहेत. दुसरी, त्याच तुकड्यात थोडे खोल जाऊन आणखी दोन काप घेतले तर पुंजका तसाच राहतो का? कर्करोगाचा पुंजका पुढच्या कापातही त्याच पेशी दाखवतो. इथे तो विरून जातो, फक्त भोके पुढे चालू राहतात. तिसरी, आधी घेतलेल्या ठशात काय आहे? ठशात एकसारख्या लहान लसिका पेशीच आहेत, मोठ्या आणि एकमेकींना चिकटलेल्या अनोळखी पेशी नाहीत. तिन्ही उत्तरे जुळली. पुंजका बर्फाने केलेला आहे, दुसरी ग्रंथी निगेटिव्ह.

तिसरी ग्रंथी ६ मिलिमीटरची आणि आतून चरबीने भरलेली आहे. पहिला काप फाटतो. फवारा मारून तुकडा आणखी थंड करतात, काप थोडा जाड घेतात. आता अर्धी कड दिसते, उरलेली अर्धी घडीखाली जाते. ठशात संशयास्पद काही नाही. तुकडा आणखी कापत बसले तर ही लहानशी ग्रंथी इथेच संपेल आणि नंतरच्या मेणातल्या तपासणीला काही उरणार नाही.

पॅथॉलॉजिस्ट थिएटरला फोन करून सांगतात, “ग्रंथी एक आणि दोनमध्ये कर्करोग नाही. तिसरी पूर्ण वाचता येत नाही, तिचे मत राखून ठेवतो. ठशात काही दिसत नाही.” सर्जन काख साफ न करता जखम बंद करतात.

‘मत राखून ठेवले’, ‘डिफर्ड’ किंवा ‘अंतिम रिपोर्टची वाट पाहा’ असे शब्द कानावर आले तर तपासणी वाया गेली असे समजू नका. जे स्पष्ट दिसले नाही, त्यावर अंदाजाने ‘हो’ म्हटले असते तर कदाचित विनाकारण काख साफ झाली असती. काढलेल्या ग्रंथी परत बसवता येत नाहीत, पण राहिलेल्या ग्रंथी गरज पडली तर नंतर काढता येतात. म्हणून शंका असेल तेव्हा थांबणे हाच सुरक्षित निर्णय असतो.

मग आठवड्याने रिपोर्ट वेगळा का आला?

फ्रोझन झाल्यावर उरलेला तुकडा वितळवून फॉर्मॅलिनमध्ये घालतात आणि नेहमीच्या पद्धतीने मेणात बसवतात. आता घाई नसते. अनेक पातळ्यांवर काप घेतले जातात, गरज पडल्यास कर्करोगाच्या पेशीच तेवढ्या रंगतील असे विशेष रंगही वापरले जातात. एकदा गोठलेल्या भागातली भोके मात्र मेणातही तशीच राहतात, कारण फाटलेली पेशी पुन्हा सांधत नाही. म्हणून तुकडा मोठा असेल तर त्याचा काही भाग मुद्दाम न गोठवता ठेवतात.

आपल्या रुग्णाच्या तिसऱ्या ग्रंथीच्या, फ्रोझनमध्ये घडीखाली गेलेल्या कडेला १.१ मिलिमीटरचा कर्करोगाचा ठिपका सापडला. पहिल्या दोन ग्रंथींचा निकाल तोच राहिला.

यात दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. फ्रोझनमध्ये ‘कर्करोग आहे’ असे स्पष्ट सांगितले आणि नंतर तो निघालाच नाही, असे क्वचितच घडते. ‘नाही’ सांगितले किंवा मत राखून ठेवले आणि नंतर लहानसा ठिपका सापडला, हे मात्र घडते, आणि ते या तपासणीच्या मर्यादेत बसते. ६ मिलिमीटरच्या ग्रंथीतून ५ मायक्रॉनचे चार-दोन काप बघणे म्हणजे जाडजूड पुस्तकाची चार पाने वाचण्यासारखे आहे. मोठा मजकूर नजरेतून सुटत नाही, एखादी ओळ सुटू शकते.

अशा सुटलेल्या ठिपक्याचे काय करायचे, हे त्याच्या आकारावर ठरते. ०.२ मिलिमीटरहून मोठा आणि २ मिलिमीटरपर्यंतचा ठिपका असेल तर त्याला मायक्रोमेटास्टॅसिस म्हणतात. फक्त एवढाच ठिपका असलेल्या रुग्णांच्या काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढल्याने आजार परत येण्याचे प्रमाण कमी झाले नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. म्हणून आपल्या रुग्णाचा विषय सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि औषधोपचाराचे डॉक्टर यांच्या एकत्रित बैठकीत गेला तेव्हा दुसरे ऑपरेशन नको, असे ठरले. स्तन वाचवल्यामुळे रेडिएशन घ्यायचेच होते. औषधांचा निर्णय हार्मोन रिसेप्टरचा रिपोर्ट आणि हा ठिपका दोन्ही लक्षात घेऊन झाला. हाताची सूज येण्याचा मोठा धोका टळला.

ठिपका २ मिलिमीटरहून मोठा निघाला असता, किंवा एकापेक्षा अधिक ग्रंथींत सापडला असता, तर पुन्हा ऑपरेशन, काखेला रेडिएशन किंवा फक्त देखरेख यांतून निवड करावी लागली असती. ती निवड प्रत्येक रुग्णासाठी वेगळी असते. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवरून तुमचे उपचार ठरवू नका.

फ्रोझन कधी करत नाहीत?

उत्तराने ऑपरेशनमध्ये काही बदलणार नसेल, तर फ्रोझन मागू नये. केवळ ‘आजच कळावे’ म्हणून केली तर तुकडा विनाकारण खराब होतो. संशयित भाग मुळातच अगदी लहान असेल तर तो गोठवण्यापेक्षा सरळ मेणात घालणे बरे. हाडासारखा कडक भाग या पात्याने कापला जात नाही.

आपल्याकडे महत्त्वाचे आणखी एक कारण आहे. काखेतल्या किंवा मानेतल्या सुजलेल्या ग्रंथी क्षयरोगाच्याही असू शकतात. असा तुकडा क्रायोस्टॅटमध्ये कापला तर जंतू यंत्रात आणि हवेत पसरण्याचा धोका असतो, कारण थंडीने ते मरत नाहीत. घरात कुणाला टीबी झाला असेल, रुग्णाने पूर्वी टीबीची औषधे घेतली असतील, किंवा कावीळ बी, सी अथवा एचआयव्हीचे निदान झाले असेल, तर ते ऑपरेशनआधी नक्की सांगा. त्यावरून तपासणीची पद्धत आणि कर्मचाऱ्यांची काळजी ठरते.

जालना जिल्ह्यातल्या रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

फ्रोझनचा तुकडा गाडीने दुसऱ्या गावी पाठवता येत नाही, कारण रुग्ण भुलेखाली असतो. भोकरदन किंवा घनसावंगीत ऑपरेशन आणि छत्रपती संभाजीनगरला फ्रोझन, असे होऊ शकत नाही. जालना शहरापासूनही ते अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. यंत्र, तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट तिन्ही त्याच इमारतीत किंवा अगदी शेजारी हवेत.

ज्या रुग्णालयात ही सोय नाही तिथे दोन टप्प्यांचा रस्ता असतो. आधी ग्रंथी काढून मेणातल्या रिपोर्टची वाट बघायची आणि गरज पडली तरच दुसरे ऑपरेशन करायचे. हा रस्ता चुकीचा नाही. त्यात पुन्हा भूल आणि पुन्हा प्रवास येतो, पण निर्णय पूर्ण रिपोर्टवर होतो. फ्रोझन नाही म्हणून काख सरसकट साफ करू, असे कुणी सुचवले तर दोन टप्प्यांचा पर्याय का नको, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे विचारा

फ्रोझनमध्ये ‘आहे’ आले तर काय करणार, ‘नाही’ आले तर काय करणार आणि मत राखून ठेवले तर काय करणार? तिन्हींची उत्तरे आधी समजून घ्या. संमतीपत्रावर काख साफ करण्याचा उल्लेख असतो, तो कोणत्या परिस्थितीसाठी आहे ते सही करण्याआधी वाचून घ्या.

निरोप आला तर बाहेर कोण थांबणार आहे? ऑपरेशनमधला बदल समजावून घेईल असे एक माणूस थिएटरजवळ असू द्या आणि त्याचा फोन नंबर नर्सकडे द्या.

अंतिम रिपोर्ट कधी आणि कुठे मिळेल? फ्रोझनचा निरोप म्हणजे शेवटचा रिपोर्ट नव्हे. तो घेतल्याशिवाय आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचे उपचार सुरू होत नाहीत. गावी परत गेल्यावर तो आणायचा राहून जातो, तसे होऊ देऊ नका.

तपासणीचा खर्च वेगळा आहे का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होत असतील तर फ्रोझन त्या पॅकेजमध्ये धरली आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्या.

रिपोर्ट बदलला तर काय करावे?

दोन्ही रिपोर्ट, म्हणजे फ्रोझनचा आणि अंतिम, शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. अंतिम रिपोर्टमध्ये बहुधा फ्रोझनचा निकाल आणि फरक असेल तर त्याचे कारण लिहिलेले असते. ठिपका किती मिलिमीटरचा आहे, किती ग्रंथींपैकी किती बाधित आहेत, या दोन आकड्यांवर बोट ठेवून विचारा. दुसरे मत हवे असेल तर रुग्णालयाकडून काचा आणि मेणाच्या वड्या मागता येतात. त्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. वड्या उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते. त्या सावलीत, पाकिटात, नाव आणि रुग्णालयाचा नंबर लिहून न्या.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या रुग्णाचा निर्णय त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर पूर्ण रिपोर्ट पाहूनच घेतील.